चारपैकी साडेचार

इंदूरच्या अन्नपूर्णा रोडवर, आणि तिथून आत वळलं की लोकमान्य नगर, उषा नगर, सुदामा नगर या वस्त्यांमधल्या मराठी घरांत, मूल दहावीच्या उंबरठ्यावर आलं की एक प्रश्न हमखास निघतो. गणित 'स्टँडर्ड' घ्यायचं की 'बेसिक'? सीबीएसईने २०२० च्या दहावीच्या परीक्षेपासून ही सोय केली. अभ्यासक्रम दोघांना एकच, प्रश्नपत्रिका मात्र दोन, एक अवघड आणि एक सोपी. या सोयीत एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. स्टँडर्डमध्ये ८८ मिळवणारी मुलगी आणि बेसिकमध्ये ९५ मिळवणारा मुलगा यांची टक्केवारी काढताना ८८ हे ८८ आणि ९५ हे ९५ असेच धरले जातात. अवघड पेपर दिल्याबद्दल मंडळ एकही गुण वाढवून देत नाही. मूळ नियमात मंडळाने त्याऐवजी एक दार राखून ठेवलं होतं: अकरावीला गणित हवं असेल तर दहावीला स्टँडर्डच हवं. नंतरच्या काही वर्षांत त्यातही सवलत दिली गेली.

अमेरिकेतल्या बहुतेक हायस्कुलांनी याच प्रश्नाला उलटं उत्तर दिलं आहे. तिथे अवघड वर्ग घेतला की गुणच वाढतात. म्हणूनच या वस्त्यांमधल्या आजीआजोबांना टेक्सस किंवा कॅलिफोर्नियातली नात व्हिडिओ कॉलवर सांगते की तिची सरासरी साडेचार आहे, आणि कितीपैकी असं विचारलं तर म्हणते, चारपैकी. तिचं उत्तर बरोबर असतं. पण या साडेचारवर तिचा वर्गातला क्रमांक ठरतो, क्रमांकावर विद्यापीठातली जागा ठरू शकते, आणि हे सगळं अशा काही नियमांवर चालतं जे शेजारच्या गावातल्या शाळेत वेगळे असतात. इंदूरहून दहावी करून तिकडे जाणाऱ्या मुलांना त्याचा फटका किंवा फायदा सगळ्यात जास्त होतो. या प्रकरणात आपण तोच हिशोब शेवटपर्यंत करून पाहू.

हा वाढीव गुण मुळात का आला, ते समजायला फार लांब जायला नको. २०१० ते २०१७ या काळात सीबीएसईच्या दहावीचे निकाल सीजीपीएत लागत होते. ९१ ते १०० गुणांना ए-वन श्रेणी, म्हणजे १० अंक. ८१ ते ९० ला ९. याच क्रमाने खाली. पाच मुख्य विषयांच्या अंकांची सरासरी म्हणजे सीजीपीए, आणि तिला ९.५ ने गुणलं की अंदाजे टक्केवारी. मुलांवरचा ताण कमी व्हावा हा त्यामागचा हेतू होता आणि तो चांगलाच होता. पण ९१ वालाही १० आणि १०० वालाही १० म्हटल्यावर वरच्या टोकाला गर्दी झाली. एकेका शाळेत 'दहापैकी दहा' मिळवणारी इतकी मुलं निघाली की त्यांच्यात पहिलं कोण हे निकालावरून कळेनासं झालं. मोजपट्टी जिथे संपते तिथे सगळे एकाच उंचीचे दिसतात.

अमेरिकेतली साधी मोजपट्टी तर आणखी आखूड आहे. ए म्हणजे ४, बी म्हणजे ३, सी म्हणजे २, डी म्हणजे १. शाळेत दहा-वीस मुलांना सगळ्या विषयांत ए असेल, तर त्या सगळ्यांची सरासरी ४.० आणि सगळ्यांचा क्रमांक पहिला. त्यांतल्या एकीने कॅल्क्युलस घेतलेलं असतं आणि दुसऱ्याने साधं बीजगणित, हे त्या ४.० मध्ये कुठेच दिसत नाही. उलट हुशार मुलाला सोपे वर्ग घेऊन ए सांभाळण्याचा मोह होतो. त्यावर उपाय म्हणून भारित सरासरी आली. सर्वांत रुळलेली पद्धत अशी: वर्ग 'ऑनर्स' दर्जाचा असेल तर अंकात अर्धा मिळवायचा, आणि एपी किंवा आयबी असेल तर पूर्ण एक. म्हणजे साध्या वर्गातला ए ४, ऑनर्समधला ए साडेचार, एपीमधला ए पाच. ऑनर्स वर्ग कोणता हे शाळा किंवा तिचं स्कूल डिस्ट्रिक्ट ठरवतं. एपीचा अभ्यासक्रम कॉलेज बोर्ड ही संस्था ठरवते आणि मे महिन्यात त्याची वेगळी परीक्षा घेते. त्या परीक्षेतल्या १ ते ५ या गुणांचा सरासरीशी सहसा काही संबंध नसतो. सरासरीत जाते ती वर्षभर विषयशिक्षकाने दिलेली श्रेणी. मे महिन्यातल्या परीक्षेत ५ मिळाले म्हणून सरासरी वाढेल असं समजणारे पालक मी पाहिले आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

हा वाढीव अंक नेमका कुणाला उपयोगी पडतो? पटकन उत्तर येतं, जो अवघड वर्ग घेईल त्याला. तसं ते नाही. समजा एका मुलाला साध्या रसायनशास्त्रात खात्रीने ए मिळेल, आणि ऑनर्स रसायनशास्त्रात बी. साधा ए म्हणजे ४. ऑनर्समधला बी म्हणजे ३ अधिक अर्धा, साडेतीन. एक श्रेणी घसरली की एक अंक जातो आणि परत मिळतो तो अर्धाच. म्हणजे ऑनर्सने त्याची सरासरी खाली ओढली. एपीत बी मिळाला तर ३ अधिक १, म्हणजे ४. साध्या ए इतकंच, ना नफा ना तोटा. थोडक्यात, श्रेणी टिकली तरच वाढीव अंक पदरात पडतो. ज्या शाळा ए-उणे ३.७ आणि बी-अधिक ३.३ असे बारीक टप्पे मोजतात, तिथे हिशोब जरा बदलतो: ऑनर्समधला ए-उणे ४.२ होतो, साध्या ए पेक्षा सरस. ऑनर्समधला बी-अधिक ३.८, म्हणजे किंचित उणा. विषय निवडताना मुलाला विचारायचा प्रश्न म्हणूनच असा असावा: या वर्गात तुझी श्रेणी किती घसरेल असं तुला वाटतं, अर्ध्या पायरीने की पुऱ्या पायरीने?

आता क्रमांकाकडे येऊ. क्रमांकाचं एवढं महत्त्व का, हे टेक्ससच्या उदाहरणाने सगळ्यात स्पष्ट दिसतं, आणि तिथे मराठी कुटुंबंही पुष्कळ आहेत. १९९६ मध्ये हॉपवूड खटल्याच्या निकालाने तिथल्या सरकारी विद्यापीठांना प्रवेश देताना वंशाचा विचार करायला मनाई झाली. त्यानंतर १९९७ मध्ये टेक्ससच्या विधिमंडळाने कायदा केला की राज्यातल्या कुठल्याही हायस्कूलच्या वर्गातल्या वरच्या १० टक्क्यांत असलेल्या विद्यार्थ्याला राज्याच्या सरकारी विद्यापीठांत आपोआप प्रवेश मिळेल. श्रीमंत उपनगरातली शाळा असो की सीमेजवळच्या गरीब गावातली, प्रत्येकीच्या वरच्या दहा टक्क्यांना तोच हक्क. ऑस्टिनचं विद्यापीठ मात्र या वाटेने येणाऱ्या मुलांनीच भरून जाऊ लागलं. म्हणून २००९ मध्ये त्या विद्यापीठापुरता बदल झाला: राज्यातल्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या पहिल्या वर्षाच्या जागांपैकी ७५ टक्क्यांपर्यंतच या वाटेने भरल्या तरी चालेल. त्यामुळे ऑस्टिनसाठीची रेषा दहावरून खाली सरकत गेली. काही वर्षं ती ६ टक्क्यांवर होती, आणि २०२६ च्या प्रवेशांपासून ५ टक्क्यांवर आणली आहे. राज्यातल्या इतर बहुतेक सरकारी विद्यापीठांसाठी दहाच.

यात वेळेचा एक पेच आहे. प्रवेशाचे अर्ज बारावीच्या सुरुवातीला, म्हणजे ऑगस्ट ते डिसेंबरच्या दरम्यान जातात. त्या वेळी हातात असतो तो अकरावीच्या शेवटचा क्रमांक. बारावीत कितीही मजल मारली तरी ती या अर्जापर्यंत पोहोचत नाही. इंदूरहून दहावी संपवून गेलेल्या मुलीला त्यामुळे आपला क्रमांक घडवायला अकरावीचं एकच वर्ष मिळतं.

आता एक उदाहरण घेऊ. मुलगी काल्पनिक आहे, पण तिच्यापुढचे आकडे अशा घरांत रोज येणारे आहेत. अन्नपूर्णा भागातल्या सीबीएसई शाळेतून तिने दहावी केली, वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब जूनमध्ये टेक्ससला गेलं, ऑगस्टमध्ये ती अकरावीत दाखल झाली. शाळेचे समुपदेशक तिला सांगतात की गेल्या वर्षी अकरावीच्या अखेरीस वरच्या दहा टक्क्यांतल्या शेवटच्या विद्यार्थ्याची भारित सरासरी ४.२० होती. घरातल्या सगळ्यांचा प्रश्न एकच: आता हिला किती सरासरी मिळवावी लागेल?

त्याचा हिशोब तीन पायऱ्यांचा आहे. वर्षभर चालणाऱ्या विषयाला एक क्रेडिट, एका सेमिस्टरच्या विषयाला अर्धं. नववी आणि दहावीची मिळून तिची १२ क्रेडिटं मान्य झाली असं धरू. त्यांतल्या नऊ विषयांत ए आणि तिनात बी असं रूपांतर झालं. भारतातल्या शाळेत ऑनर्स नावाचा वर्गच नव्हता, म्हणून ही सगळी क्रेडिटं साध्या दर्जाची. तिचे जमा अंक झाले नऊ चोक ३६ आणि तीन त्रिक ९, एकूण ४५. सरासरी ३.७५. अकरावीत ती ७ क्रेडिटं घेणार, म्हणजे एकूण १९. पहिली पायरी, लक्ष्याला एकूण क्रेडिटांनी गुणायचं. दुसरी, त्यातून जमा अंक वजा करायचे. तिसरी, उरलेल्या अंकांना उरलेल्या क्रेडिटांनी भागायचं.

```
४.२० × १९ = ७९.८
७९.८ − ४५ = ३४.८
३४.८ ÷ ७ = ४.९७
```

तर अकरावीत सरासरी ४.९७ हवी. अनेक पालक इथेच थांबतात आणि मुलीला म्हणतात, बघ, पाचपैकी पाचच्या जवळपास मिळव, जोर लाव. पण इथे थांबणं तिच्यावर अन्याय करणारं आहे, कारण चौथी पायरी राहिली आहे: तिला जास्तीत जास्त किती मिळू शकतात, तेही मोजलं पाहिजे. सातही विषय एपीचे घेता येतच नाहीत. शारीरिक शिक्षणाचा एपी नसतो. काही एपी वर्गांना आधीचा कुठला तरी वर्ग पूर्ण केलेला असावा लागतो, आणि नव्याने आलेल्या मुलीला तो दाखवता येत नाही. समजा वेळापत्रक बसवून तिला चार एपी, दोन ऑनर्स आणि एक साधा विषय मिळाला. सगळ्यांत ए आला तरी अंक होतील चार पंचे वीस, अधिक दोन साडेचार म्हणजे ९, अधिक ४, एकूण ३३. जुने ४५ मिळवले की ७८. भागिले १९ म्हणजे ४.११. एकाही विषयात चूक न करता, वर्षभर राबून, ती ४.११ वर थांबणार. ४.२० तिच्या आवाक्यात कधी नव्हतंच. तिच्या मेहनतीत काहीच कमी नाही. तिच्या पहिल्या बारा क्रेडिटांना अर्धा-अर्धा अंक मिळवण्याची संधीच नव्हती, आणि तिच्या वर्गमित्रांना ती नववीपासून होती.

अशा वेळी घरात काय घडतं ते ओळखीचं आहे. मुलीला वाटतं आपण कमी पडलो. वडिलांना वाटतं भारतातली शाळा कमी पडली. खरं कारण एका भागाकारात असतं आणि तो भागाकार ऑगस्टमध्येच करता आला असता. मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते हेच: किती सरासरी हवी हा प्रश्न विचारण्याआधी किती सरासरी शक्य आहे ते काढा. हवी असलेली शक्य असलेल्याच्या वर गेली, तर तो दरवाजा त्या वर्षापुरता बंद आहे. मग अर्जात निबंध, प्रकल्प, परीक्षांचे गुण आणि इतर विद्यापीठं यांवर वेळ घालवणं शहाणपणाचं. आपोआप प्रवेश नाही याचा अर्थ प्रवेशच नाही असा होत नाही. अर्ज इतरांसारखा सर्वांगाने तपासला जातो.

आता हीच मुलगी, हीच गुणपत्रिका, पण शेजारचं डिस्ट्रिक्ट. काही डिस्ट्रिक्ट परदेशातून आलेल्या क्रेडिटांना फक्त 'उत्तीर्ण' असा शेरा देतात. ती हायस्कूल पूर्ण करण्याच्या अटींसाठी मोजली जातात, सरासरीत धरली जात नाहीत. मग तिची सरासरी फक्त अकरावीच्या सात क्रेडिटांची. जास्तीत जास्त ३३ भागिले ७, म्हणजे ४.७१. लक्ष्य ४.२० चं असेल तर लागणारे अंक ४.२० गुणिले ७, म्हणजे २९.४. तिच्याकडे ३.६ अंकांची मोकळीक आहे. तीन विषयांत ए ऐवजी बी आला तरी ३० अंक, सरासरी ४.२९, लक्ष्य पार. चौथा बी आला तर २९ अंक, ४.१४, लक्ष्य हुकलं. एका नियमाच्या फरकाने अशक्य असलेली गोष्ट तीन चुका पचवण्याइतकी सोपी झाली.

पण या दुसऱ्या पद्धतीचा एक धोका आहे. सात क्रेडिटांत एक बी आला की सरासरी १ भागिले ७, म्हणजे ०.१४ ने घसरते. एकोणीस क्रेडिटांत तोच बी फक्त ०.०५ ने खाली आणतो. थोड्या क्रेडिटांची सरासरी हलकी असते, चटकन वर जाते आणि चटकन खालीही येते. शाळांना हे ठाऊक असतं, म्हणून काही डिस्ट्रिक्ट वर्गात पहिला येण्याच्या सन्मानासाठी तिथे किमान काही सेमिस्टर शिकल्याची अट घालतात. टेक्ससमध्ये पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याला सरकारी विद्यापीठात पहिल्या वर्षाचं शिक्षण शुल्क माफ असतं, तेव्हा ही अट वादाचं कारण होते हे समजण्यासारखं आहे.

आणि तिसरी शक्यता सगळ्यात वाईट. डिस्ट्रिक्टने भारतीय गुण जसेच्या तसे अमेरिकन कोष्टकात टाकले तर? तिथे ९० च्या वर ए, ८० च्या घरात बी, ७० च्या घरात सी असं साधारण कोष्टक असतं, आणि टेक्ससमध्ये ७० च्या खाली म्हणजे नापास. सीबीएसईत ३३ ला उत्तीर्ण होता येतं. दोन्ही ठिकाणच्या ७८ चा अर्थ एक कसा असेल? इथे कामी येते ती दहावीच्या गुणपत्रिकेवर गुणांशेजारी छापलेली श्रेणी. बोर्डाच्या परीक्षेत ती आता ठरावीक टक्क्यांना मिळत नाही. त्या विषयात उत्तीर्ण झालेल्यांना गुणांनुसार रांगेत लावून वरच्या एक-अष्टमांशाला ए-वन, पुढच्या एक-अष्टमांशाला ए-टू अशी दिली जाते. म्हणजे एखाद्या विषयातला ए-टू सांगतो की ही मुलगी देशभरातल्या उत्तीर्णांच्या वरच्या पाव हिश्श्यात आहे. ज्या शाळांना वर्गातल्या क्रमांकाचं एवढं महत्त्व आहे, त्यांना ही भाषा लगेच समजते. पण गुणपत्रिकेवरचं ए-टू पाहून ते कुणाला आपोआप उमगत नाही. सोबत श्रेणीचा खुलासा जोडावा लागतो.

आता ४.२० या आकड्याकडे परत वळू, कारण तो वाटतो तितका पक्का नाही. सरासरी आपली असते, क्रमांक मात्र इतरांवर अवलंबून असतो. पाचशे मुलांच्या वर्गात वरचे दहा टक्के म्हणजे पन्नास, आणि लक्ष्य म्हणजे पन्नासाव्या मुलाची सरासरी. यंदा जास्त मुलांनी एपी घेतले तर तो पन्नासावा वर सरकतो. त्यामुळे गेल्या एका वर्षाचा आकडा घेऊ नये, निदान दोन-तीन वर्षांचे मागावेत आणि ते कोणत्या दिशेने चालले आहेत ते पाहावं. आकडा कोणत्या वेळचा आहे हेही विचारावं. बहुतेक एपी वर्ग अकरावी-बारावीत येतात, म्हणून रेषा दहावीच्या अखेरीस खाली असते, अकरावीनंतर वर चढते आणि बारावीनंतर आणखी वर. दहावीच्या अखेरचा आकडा धरून बसणारा नंतर फसतो. बारावीचा धरणारा उगाच घाबरतो. पट चारशे अडतीसचा असेल तर दहा टक्के म्हणजे ४३.८, मग त्रेचाळीस की चव्वेचाळीस, हे डिस्ट्रिक्टचा नियम ठरवतो, आणि त्या एका जागेसाठी सरासरी तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत तपासली जाते. लक्ष्य ठरवताना म्हणून गेल्या वर्षाच्या रेषेवर थोडी भर घालूनच हिशोब करावा.

एक गोष्ट मला या सगळ्या पद्धतीत फार खटकते. भारित सरासरीत एक गणिती सत्य दडलं आहे: नवा विषय सरासरी तेव्हाच वाढवतो, जेव्हा त्याचे अंक आत्ताच्या सरासरीपेक्षा जास्त असतात. बारा क्रेडिटांवर साडेचारची सरासरी असलेल्या मुलाने, म्हणजे ५४ अंक असलेल्या मुलाने, शाळेच्या वाद्यवृंदात व्हायोलिन घेतलं आणि त्यात ए मिळवला, तर अंक ५८, क्रेडिटं १३, सरासरी ४.४६. उत्तम वाजवून, शिक्षकांनी दिलेली सर्वोच्च श्रेणी मिळवून, तो खाली आला. त्या तासाला ग्रंथालयात नुसता बसला असता, बिनक्रेडिटचा तास घेतला असता, तर साडेचारवर राहिला असता. वरच्या टोकाला मुलं शतांशांच्या फरकाने उभी असतात, तिथे ०.०४ म्हणजे कित्येक क्रमांक. यामुळे हुशार मुलं संगीत, चित्रकला, नाटक सोडतात. महाराष्ट्रात इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या श्रेणीबद्दल दहावीला ३, ५ किंवा ७ गुण मिळतात, म्हणजे कला शिकल्याने निकाल वरच जातो, हे आठवलं की फरक जास्त जाणवतो.

शाळांनी यावर तोडगे काढले आहेत, आणि आपल्या शाळेत कोणता लागू आहे हे विचारणं पालकांच्या हातात आहे. काही डिस्ट्रिक्ट क्रमांकासाठी फक्त इंग्रजी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र आणि परकीय भाषा एवढेच विषय मोजतात. काही ठिकाणी कलेचा विषय 'उत्तीर्ण-अनुत्तीर्ण' या बोलीवर घेता येतो, म्हणजे तो सरासरीत शिरत नाही, पण त्यासाठीचा अर्ज ठरावीक तारखेच्या आत द्यावा लागतो. काही शाळा वाढीव अंक प्रत्येक श्रेणीत न मिसळता आधी साधी सरासरी काढतात आणि मग प्रत्येक अवघड वर्गामागे एक छोटी ठरावीक भर घालतात. या शेवटच्या पद्धतीत व्हायोलिनमधला ए कुणाचं नुकसान करत नाही, आणि मला तरी हीच सगळ्यात न्यायाची वाटते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाने आणखी वेगळा मार्ग धरला. ते शाळेने काढलेली सरासरी घेतच नाही. अर्जातल्या श्रेणींवरून दहावी आणि अकरावीची सरासरी स्वतः काढतं, ठरलेल्या शैक्षणिक विषयांपुरती. अधिक-उणे सोडून देतं. आणि मान्य ऑनर्स किंवा एपी वर्गाच्या प्रत्येक सेमिस्टरला एक अंक वाढवून देतं, पण जास्तीत जास्त आठ सेमिस्टरांना, त्यांतही दहावीच्या चारांपेक्षा जास्त नाही. आठ सेमिस्टर म्हणजे पूर्ण वर्षाचे चार विषय. पाचवा, सहावा एपी घेऊन या सरासरीत काहीच भर पडत नाही. श्रेणी सी किंवा त्यावर असली तरच हा अंक मिळतो. आपल्या टेक्ससच्या मुलीने अकरावीत चार एपी घेतले होते. कॅलिफोर्नियाच्या हिशोबात तेवढ्यातच मर्यादा पूर्ण झाली असती, आणि ऑनर्सच्या दोन वर्गांचा तिला काही उपयोग झाला नसता.

म्हणून इंदूरहून निघायच्या आधीच करायची काही कामं आहेत. ज्या डिस्ट्रिक्टमध्ये घर घ्यायचं आहे तिथली नियमपुस्तिका त्यांच्या संकेतस्थळावर असते. तीत परदेशी क्रेडिटं सरासरीत धरतात का, कोणत्या दर्जाची धरतात, आणि क्रमांकासाठी कोणते विषय मोजतात, ही तीन उत्तरं शोधावीत. दोन डिस्ट्रिक्ट जवळजवळ असतील तर घर कुठे घ्यायचं याचा विचार करताना शाळेच्या नावाइतकाच या उत्तरांनाही मान द्यावा. दहावीची गुणपत्रिका मंडळाची असते, ती नंतरही मिळवता येते. नववीची मात्र शाळाच देते, आणि अमेरिकेत हायस्कूल नववीपासून मोजतात. शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला जाल तेव्हाच नववीची गुणपत्रिका शाळेच्या शिक्क्यासह, प्रत्येक विषयाच्या आठवड्याच्या तासांच्या नोंदीसह, आणि शाळेच्या कागदावर इंग्रजीत लिहिलेल्या श्रेणींच्या खुलाशासह मागून घ्या. मे महिन्याच्या सुटीत कार्यालयात माणूस भेटत नाही, म्हणून हे काम एप्रिलमध्येच उरकावं.